व्हर्नियरने मोजलेली खाच

हजेरी घेताना ताईने आपल्याच सासूचं नाव वाचलं, आणि समोरून "हजर, मॅडम!" असं खणखणीत उत्तर आलं.

ताई दमलेली होती. गिर्यारोहणाच्या शाळेतला, मोसमातला हा शेवटचा कोर्स. गुडघे केव्हाच संपावर गेले होते, ओठ फुटले होते, आणि रोज सकाळी उठल्यावर आपण उठलो आहोत हे पटायलाही वेळ लागत होता. दमलेल्या माणसाला भास होतात हे ती स्वतःच वर्गात शिकवायची. म्हणून तिने ते नाव पुन्हा वाचलं. पुन्हा "हजर, मॅडम!" आलं, या खेपेस जरा चिडून. भास चिडत नाहीत. ताईने मान वर केली. पहिल्या रांगेत, गळ्यापर्यंत चेन ओढलेल्या जाकिटात, पदर नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते न कळून दोन्ही हात मागे बांधून, सासूबाई उभ्या होत्या.

हजेरी संपल्यावर ताईने त्यांना दोरांच्या खोलीमागे गाठलं.

"आई, हे काय?"

"आई घरी. इथे मी शिकायला आलेय, मॅडम."

"तुम्ही मावशींकडे जाणार होतात ना हवापालटाला?"

"हवा पालटली की! केवढी थंडी आहे इथे."

"घरी कुणाला सांगितलंय?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का कुणी?" असं म्हणून सासूबाईंनी नजर जरा बाजूला, टांगलेल्या दोरांकडे वळवली. ताईच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण ती दमलेली होती.

सासूबाई निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवत होत्या. स्टुलावर बसायचं, मजला विचारायचा, बटण दाबायचं. "जन्मभर वर जात राहिले," त्या म्हणायच्या, "एक पायरी न चढता." निवृत्त झाल्यावर बायका भजनाला जातात, बागकामाला लागतात, सुनेचा स्वयंपाक सुधारायला घेतात. सासूबाईंनी तिसरा पर्याय थोडा वेळ करून पाहिला. सून घरीच नसते म्हटल्यावर तो सोडून दिला. मग घरातल्या भिंतीवरचा फोटो त्यांच्या डोळ्यांत भरला. फोटोत निळसर बर्फाची एक उभी भिंत होती आणि तिच्यावर माशीसारखी चिकटलेली त्यांची सून होती.

ती भिंत या शाळेपासून थोडं वर, हिमनदीच्या कडेला होती. कोर्सच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला तिच्यावर एकदा चढवत. सासूबाई त्याच एका दिवसासाठी आल्या होत्या, आणि हे त्यांनी पहिल्याच जेवणाला सगळ्या बॅचला सांगून टाकलं होतं. वयाची आडकाठी काढावी म्हणून ताईने त्यांचा तपासणीचा दाखला उघडला. दाखल्यानुसार सासूबाईंचे गुडघे ताईपेक्षा चांगले होते. तिने दाखला मिटला.

शाळेत ताईच्या जोडीला आणखी एक शिक्षक होता. सगळा मोसम गॉगल घालून उन्हात काढल्यामुळे त्याचं तोंड करपलं होतं आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं राहिली होती. त्याला सगळे पांडा म्हणत. सामानवाटप पांडाकडे होतं. त्याने ताईला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या सासूला कसं वागवायचं?"

"बाकीच्यांसारखंच."

"म्हणजे ओरडू?"

"तू आधी ओरड. जमलं तर मला सांग कसं जमलं."

पहिले काही दिवस गाठी, दोर आणि कोरड्या खडकावरची कामं यांत गेले. ती साध्या बुटांवर चालतात. सासूबाईंकडे बर्फाचे खास बूट होते, स्वतःच्या पैशांनी घेतलेले, पण ते कापडी पिशवीत होते आणि पिशवी उशाशी होती. नवे बूट मळतील म्हणून त्या बाहेर काढत नव्हत्या. पांडाने सामान देताना ते तेवढे पाहिले, त्यांना लोखंडी दातांचे क्रॅम्पॉन लावून खट्‌ असा आवाज ऐकला, आणि सासूबाईंना पुढे सरकवलं. पांडाही दमलेला होता.

बर्फावर जायच्या आधी ताईने वर्गात बुटांचा धडा घेतला. हा धडा तिने इतक्या वेळा घेतला होता, की मध्येच तिला डुलकी लागली तरी तोंड पुढे चालू राहिलं असतं.

"क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली लावायचे लोखंडी दात," ती म्हणाली. टेबलावर तीन बूट आणि तीन क्रॅम्पॉन मांडले होते. "दात कुठल्याही बुटाला लागत नाहीत. साधा फिरायचा बूट म्हणजे बी-झीरो. त्याला काहीच लावायचं नाही. बी-वन थोडा ताठ, पण वाकतो. त्याला सी-वन, म्हणजे पुढून मागून पट्ट्यांनी बांधायचे. सपाट बर्फावर, हलक्या उतारावर चालायला ठीक. बी-टू त्याहून ताठ, आणि त्याच्या टाचेला सोलच्या कडेवर ही खाच असते. त्याला सी-टू. पुढे टोकाला धरणारी पट्टी, मागे खटका. हा खटका टाचेच्या खाचेत बसतो. आणि हा बी-थ्री." तिने शेवटचा बूट दोन्ही हातांत धरून वाकवायचा प्रयत्न केला. बूट ढिम्म. "हा सासरच्या माणसांसारखा. वाकतच नाही."

वर्ग हसला. पहिल्या रांगेत सासूबाईही हसल्या, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. ताईला घाम फुटला.

"याला टाचेला खाच आणि पुढच्या टोकालाही खाच. म्हणून याला सी-थ्री. पुढे ही तारेची कडी, मागे खटका. उभ्या बर्फावर आपण पायाच्या पुढच्या दोन दातांवर उभे असतो. तेव्हा हाच हवा. वरच्या बुटाला खालचे दात चालतात. खालच्या बुटाला वरचे चालत नाहीत."

मागून एकाने हात वर केला. तो दातांचा डॉक्टर होता. सासूबाईंच्या दोरावरचा जोडीदार. "आणि लावलेच तर?"

"बूट वाकतो, सी-थ्री वाकत नाही. मग दोघांपैकी एक जण दुसऱ्याला सोडून जातो. दात खाली जातात. तुम्ही वर राहता." ती थांबली. "थोडा वेळ."

दुसऱ्या दिवशी पटांगणात झटका होता. ही या शाळेची जुनी रीत. क्रॅम्पॉन बुटाच्या मापाला जुळवायचे, टाचेचा खटका न लावता नुसते बसवायचे, बूट उचलायचा आणि हिसडा द्यायचा. दात बुटाला धरून राहिले तर माप बरोबर. पडले तर पुन्हा जुळवणी, आणि वर पटांगण झाडायचं. गंमत अशी, की आपल्या बुटाला आपण झटका द्यायचा नाही. जोडीदाराने द्यायचा. आपला बूट सुटला तर दोरावर लोंबकळणार तो. तेव्हा त्यालाच हलवू दे पोटभर.

दातांच्या डॉक्टराने सासूबाईंचा बूट उचलला आणि हिसडा दिला. दात जागचे हलले नाहीत. त्याने पुन्हा दिला. अक्कलदाढ उपटायला घेतल्यासारखा तो मागे रेलून हिसडे देत राहिला. नाहीच.

"पास," तो धापा टाकत म्हणाला. "मावशी, तुमचे बूट म्हणजे एकदम पक्की मुळं."

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांनी पाहिल्याची खात्री झाल्यावर त्यांनी विनयाने मान खाली घातली.

ताई रांगेतून चालत तिथवर आली आणि पुढे निघूनही गेली. दोन पावलांनंतर थांबली. बूट देखणे होते, मऊशार, घोट्याशी छान बसणारे. तिने स्वतः घ्यायचे म्हणून दुकानात कितीदा तरी हातात घेऊन ठेवून दिलेले, लांब चालीचे बूट. या जातीच्या बुटांना तिने कधी पुढे खाच पाहिली नव्हती. मागेही नाही.

ती परत आली आणि उकिडवी बसली. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. तिने क्रॅम्पॉन काढून खाचेवरून बोट फिरवलं. खाच सुरेख होती. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी खोल, एकसारखी रुंद. बोटाला काळी पूड लागली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे बघा जरा."

दातांच्या डॉक्टराने बूट डोळ्यांजवळ नेला. रोजच्या कामातलं काही दिसल्यावर माणसाचा चेहरा उजळतो, तसा त्याचा उजळला. "ही जन्मजात नाही. ही कोरलेली आहे. वा! फार स्वच्छ काम आहे हो. कुणाकडे केलंत?"

सासूबाई आकाशाकडे पाहू लागल्या.

ताईने एका हातात टाच धरली, दुसऱ्या हातात टोक धरलं आणि दाबलं. बूट वाकला. फार नाही, शिष्टाचारापुरता. पण वाकला.

"आई, हा बी-वन आहे."

"खाच आहे ना त्याला? पुढेही आहे. मागेही आहे. काल तूच शिकवलंस."

"खाच केलेली आहे."

"झटका पास झालेय मी! सगळ्यांसमोर!"

पटांगणाच्या मधोमध एक जाडजूड ओंडका उभा पुरलेला होता. मुलं त्याच्यावर पुढच्या दातांनी लाथा मारायचा सराव करत. ताईने नुसतं तिकडे बोट दाखवलं. सासूबाई दोन्ही पायांत दात चढवून, खटके लावून, घोट्याचे पट्टे आवळून ओंडक्याकडे निघाल्या. सगळी बॅच मागोमाग. पांडाही आला, कारण त्याला आता आपण ऐकलेला तो खट्‌ आठवू लागला होता.

"गुडघ्यातून लाथ मारा. मग त्याच पायावर उभ्या राहा. टाच उचलायची नाही."

पहिली लाथ बसली. सासूबाई त्या पायावर उभ्या राहिल्या. काही झालं नाही. दुसरी बसली. सासूबाईंनी विजयी मुद्रेने मागे पाहिलं. तिसऱ्या लाथेला त्या नीट, शिकवल्याप्रमाणे, टाच खाली सोडून उभ्या राहिल्या. बुटाचा तळवा कमानीसारखा वाकला, लोखंड सरळच राहिलं, आणि पुढच्या रबराची सुरेख कड तारेच्या कडीखालून संत्र्याच्या सालीसारखी सोलून निघाली. कडी उडाली. सासूबाईंनी ओंडक्याला मिठी मारली. क्रॅम्पॉन घोट्याच्या पट्ट्याला मेलेल्या खेकड्यासारखा लोंबत राहिला.

दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला, "फिलिंग निघालं."

"इथे ओंडका होता, म्हणून मिठी मारता आली," ताई म्हणाली. तिला हे मोठ्याने म्हणायचं होतं, पण दमलेला आवाज जेवढा आला तेवढाच आला. "भिंतीवर नाही चालणार हे. मी तुम्हाला पट्ट्यांचे दात देते. खालच्या सपाट बर्फावर चाला सगळ्यांबरोबर. भिंत नाही."

"दुसरे बूट दे मग."

"तुमच्या मापाचे तीनच जोड शाळेत. एकाचा सोल याच मोसमात उघडला, दोन दिलेले आहेत. पहिल्या दिवशी मागितले असतेत तर—"

"माझ्याकडे होते म्हणून नाही मागितले."

"हो."

सासूबाईंनी बूट काढले, पुसले, पिशवीत घातले. घरी त्या रागावल्या की भांड्यांचा आवाज यायचा. इथे भांडी नव्हती. त्या दोरांच्या खोलीत गेल्या आणि तिथले सगळे दोर सोडवून पुन्हा गुंडाळायला बसल्या. इतके सुबक गुंडाळलेले दोर शाळेने यापूर्वी पाहिले नव्हते.

ताईने मागच्या पायरीवर बसून नवऱ्याला फोन लावला. नवरा एका कारखान्यात साचे घासायच्या विभागात होता. त्याच्या मते जगातले बहुतेक प्रश्न हे मापात चूक झाल्यामुळे निर्माण झाले होते.

"बोल. आई पोचली का मावशीकडे?" तो म्हणाला.

"खाच तू कोरलीस?"

नवरा यंत्रांपासून जरा लांब गेला.

"कशी बसली?" त्याने विचारलं. आवाजात अपराध शोधूनही सापडत नव्हता, उत्सुकता होती.

"निघाली. तिसऱ्या लाथेला."

"शक्यच नाही. माप बरोबर होतं. मी व्हर्नियरने मोजलंय. खोली, रुंदी, सोलपासूनचं अंतर, सगळं तुझ्या बुटावरून घेतलं."

"माझ्या बुटावरून? कधी?"

"अगं, त्या रविवारी नाही का, मी तुझे बूट साफ केले?"

तो रविवार तिला आठवत होता. संसारात पहिल्यांदा, न सांगता सवरता, नवरा तिचे बूट मांडीवर घेऊन गॅलरीत बसला होता. एका जुन्या ब्रशने त्याने कडा साफ केल्या होत्या, उजेडाकडे धरून निरखल्या होत्या. ती दारात उभी राहून पाहत राहिली होती. पुढचे कित्येक दिवस ती त्याच्या आमटीत मीठ नीट घालत होती.

"ते तू मोजत होतास," ती म्हणाली.

"साफही केले की! पूड असली की माप चुकतं."

"अरे, मापाचा प्रश्नच नव्हता. माझ्या बुटाची कड कडक असते, आणि आत तळव्यात ताठ पट्टी असते. बूट वाकत नाही, म्हणून तार जागेवर राहते. आईंचं नुसतं रबर. त्यात खाच कोरून काय होणार? उद्या गाढवाच्या पाठीवर पट्टे ओढशील आणि म्हणशील झेब्रा झाला."

"पण तूच म्हणायचीस ना घरी. खाच असली की झालं."

ताईने डोळे मिटले. म्हणायची ती. मोसमातून घरी आल्यावर, पाय गरम पाण्यात सोडून बसलेली असताना, त्याने उत्साहाने काहीबाही विचारलं की चारच शब्दांत वाटेला लावायची. दमलेल्या माणसाची उत्तरं फार लांबवर जातात.

"आई नाराज झाली का?" नवऱ्याने विचारलं.

"दोर गुंडाळताहेत."

"बापरे," तो म्हणाला. त्याला भांडी माहीत होती.

"तू त्यांना का मदत केलीस? मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. आणि तिने मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करून मागितलं. एरवी मी केलेलं काही तिला पटत नाही. स्टूल केलं होतं तर म्हणाली, डुगडुगतं." तो थांबला. "ते डुगडुगत नव्हतं. जमीन वाकडी होती."

फोन ठेवून ताई सामानाच्या खोलीत गेली. तिला खरं म्हणजे नुसतं बसायचं होतं, आणि तिथे पोत्यांवर बसता यायचं. समोर फळीवर तिचे बूट होते. बी-थ्री, दोन्हीकडे खाच, कडा झिजलेल्या नाहीत, कारण ती त्यांना जिवापाड जपायची. शेजारी तिचे क्रॅम्पॉन, त्याच बुटांना कायमचे जुळवलेले.

त्यांच्या घरात चपलांवरून एक जुनं, न बोललेलं युद्ध होतं. सासूबाईंचं आणि तिचं माप एकच. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात तिच्या चपला घालून सासूबाई भाजी आणायला गेल्या, आणि तेव्हापासून जातच होत्या. तिने नव्या घेतल्या की नव्या घालून जात. तिने दाराआड लपवल्या की दाराआडून काढून घालून जात. "तुझ्या काय आणि माझ्या काय." ताई चरफडायची आणि नवऱ्याला सांगायची, आणि नवरा म्हणायचा, माप तरी सारखं आहे, बरं आहे. हे बूट मात्र सासूबाईंनी कधी घातले नव्हते. पावसात नाही, चिखलात नाही, दार वाजल्यावर घाईतही नाही. ताईला हे आज पहिल्यांदा जाणवलं. स्टँडवर सगळ्यात पुढे ते असायचे, आणि सासूबाई त्यांना वळसा घालून मागच्या चपला काढायच्या.

म्हणजे त्यांना कळत होतं काय कुणाचं आहे ते.

ताईने हिशेब केला. बूट दिले तर उद्या तिला बर्फावर पाय ठेवता येणार नाही. बुटांवाचून शिक्षक बर्फावर नाही, हा नियम तिनेच भिंतीला लावला होता. वरचा दोर पांडा लावेल. दुसऱ्या तुकडीचे सर येऊ शकतील. म्हणजे मोसमाच्या शेवटच्या दिवशी ती इथे, पोत्यांवर, पाय वर करून, कुणालाही काहीही न शिकवता पडून राहील. तिला अशा निष्कर्षाची अपेक्षा नव्हती. ती एकदम उठली.

सासूबाई शेवटच्या दोराला गाठ मारत होत्या. ताईने बूट त्यांच्यासमोर ठेवले.

"घाला."

सासूबाईंनी बुटांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतले. "तुझे आहेत."

"चपला माझ्या नव्हत्या का?"

"चपलांचं वेगळं. चपला म्हणजे घरातलं काहीतरी. हे तुझे आहेत." त्या जरा थांबल्या. "मग तू काय घालशील?"

"मी झोपणार आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दिसतंयच तोंडावर," त्या म्हणाल्या, आणि मोजे वर ओढले.

ताईने नियम सोडला नाही. टाच आत वर-खाली होते का पाहिलं. उतारावर पाय पुढे घसरून बोटं टोकाला लागतात का, ते बोटं खाली झुकतील असं पायरीवर उभं करून पाहिलं. मग क्रॅम्पॉन बसवले. तार पुढच्या खाचेत गेली. खटका जोर लावूनच बसला, आणि खट्‌ असा आवाज झाला. दातांच्या डॉक्टराला बोलावून झटका दिला. मग ओंडका. सासूबाईंनी लाथा मारल्या, उभ्या राहिल्या, टाच खाली सोडली. बूट वाकला नाही. तार हलली नाही. त्या मारतच राहिल्या. शेवटी पांडा म्हणाला, "मावशी, पुरे. तो ओंडका शाळेचा आहे."

"बाई गं," सासूबाई खाली उतरून म्हणाल्या, "हे घालून तू दिवस-दिवस चालतेस? पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात."

"हो."

"घरी आल्यावर पाय गरम पाण्यात घालून बसतेस, ते याच्यामुळे?"

"हो."

"मला वाटायचं, नखरे आहेत," सासूबाई म्हणाल्या. क्षमा वगैरे काही मागितली नाही. माहिती दिली.

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले तेव्हा ताई पोत्यांवर पडली होती आणि आढ्याकडे बघत सुखाने काहीही करत नव्हती. दार उघडलं. सासूबाई हेल्मेट घालून उभ्या.

"चल."

"कुठे? माझ्याकडे बूट नाहीत."

सासूबाईंनी कापडी पिशवी पुढे केली.

"आई, हे बर्फावर चालत नाहीत. त्यावरूनच तर सगळं झालं."

"बर्फावर ये कोण म्हणतंय? तो पांढऱ्या डोळ्यांचा सांगत होता, भिंतीखाली दोर धरणारा माणूस दगडगोट्यांत उभा असतो. तिथे बर्फ नाही." त्यांनी पिशवी तिच्या पोटावर ठेवली. "माझा दोर तू धर. डॉक्टर चांगला आहे, पण त्याला ओढायची सवय आहे."

ताईने आढ्याकडे शेवटचं पाहून घेतलं. मग बूट घातले. सोललेलं टोक पांडाने चिकटपट्टीने गुंडाळून दिलं. आणि मग, हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर, थोडं चालल्यावर, तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. पाय दुखत नव्हते. बूट पावलाबरोबर वाकत होते, दगडावर दगडासारखे आणि मातीवर मातीसारखे बसत होते. चालायला फार चांगले बूट होते ते. त्यांच्याकडून कुणी दुसरं काही मागितलं नसतं, तर त्यांची काही तक्रारच नव्हती.

भिंत फोटोतल्यापेक्षा मळकी होती. वर पांडाने बर्फात स्क्रू फिरवून दोर लावला होता. ताई खाली गोट्यांत पाय रोवून उभी राहिली, दोर आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवला, गाठी तपासल्या. सासूबाईंनी दोन्ही हातांतल्या कुऱ्हाडी बर्फात मारल्या, मग पाय. खट्‌. मग दुसरा. खट्‌.

थोड्या उंचीवर त्या थांबल्या आणि फळीवरचा डबा काढायला उंच व्हावं तशा टाचा वर करून उभ्या राहिल्या. पोटऱ्या थरथरू लागल्या.

"टाच खाली, आई!" ताई ओरडली. "टाच खाली सोडा. बूट धरेल!"

"वाकणार नाही ना?"

"नाही वाकणार! माझे आहेत ते!"

टाचा खाली आल्या. थरथर थांबली. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. ताईला वाटलं, दमल्या. हात दुखायला लागले तिचेच. खाली रांगेत उभा असलेला दातांचा डॉक्टर म्हणाला, "मावशी, काही होतंय का?"

"काही नाही," वरून आवाज आला. "बघतेय. लिफ्टमध्ये असं काही दिसायचं नाही. दारंच बंद."

मग त्या पुन्हा चढू लागल्या, सावकाश, एका कुऱ्हाडीनंतर एक लाथ, आणि ताई खालून तेवढाच तेवढाच दोर ओढून घेत राहिली. अगदी वर, पांडाच्या पायांशी पोचल्यावर सासूबाईंनी कुऱ्हाड उंच धरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईला वाजवता आल्या नाहीत, तिच्या हातात दोर होता.

"कितवा मजला?" ती ओरडली.

"शेवटचा!" वरून उत्तर आलं. आणि मग, थोड्या वेळाने, जरा हलक्या आवाजात, पण डोंगरात आवाज लपत नाही: "तुझे बूट चावतात गं फार. तू आता घातलेस तेच घालत जा, माझे. घरी चपला मी माझ्या वेगळ्या घेईन."

ताईने दोराला ताण दिला आणि त्यांना हळूहळू खाली सोडायला सुरुवात केली.